श्वास धरणे आणि कुंथणे: गळा दोन्हीत बंद, छातीत मात्र वेगळेच काही घडते

कपाट सरकवताना आपण म्हणतो, "दम धर आणि लाव जोर!" या एका वाक्यात दोन वेगळ्या क्रिया एकत्र झाल्या आहेत. हृदयाच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे.

विहिरीत बुडी मारताना आपण श्वास घेतो, गळा बंद करतो आणि थांबतो. हे श्वास धरणे. छातीपोटाचे स्नायू हवेला बाहेर ढकलत नसतात, त्यामुळे छातीतला दाब फारसा चढत नाही. अगदी गच्च श्वास भरला तर फुगलेली फुप्फुसे आत आकसू पाहतात आणि दाब थोडा वाढतो, एवढेच. काही वेळाने जीव कासावीस होतो, तो मुख्यतः रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे.

कुंथताना गळा तसाच बंद असतो, पण पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू हवेला जोरात बाहेर रेटत असतात. वाट बंद म्हणून हवा अडते आणि छातीतला दाब चढतो. प्रयोगशाळेत यासाठी पाऱ्याच्या 40 मिलिमीटरइतका दाब 15 सेकंद टिकवायला सांगतात. जड वजन उचलणाऱ्यांत तो 100च्याही वर जातो. वाट गळ्याशीच बंद हवी असे नाही. नाक दाबून, ओठ मिटून फुंकले तरी तेच. कान मोकळे करण्याच्या या युक्तीचे वर्णन इटलीच्या आंतोनियो वालसाल्वा यांनी 1704 साली कानावरच्या ग्रंथात केले, म्हणून या क्रियेला त्यांचे नाव आहे.

आता बद्धकोष्ठ असलेले, बीपीची गोळी घेणारे सत्तरीचे आजोबा डोळ्यांसमोर आणा. सकाळी ते शौचाला बसून जोर लावतात. पहिले दोन-तीन सेकंद छातीतला दाब महाधमनीलाही बाहेरून आवळतो, म्हणून रक्तदाब क्षणभर वर जातो. पण शिरांमधून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब मुळातच कमी असतो. छातीतला दाब त्याच्या वर गेला की ते रक्त दाराबाहेर तटते. मानेच्या शिरा टरारून फुगतात, चेहरा लाल होतो. हृदयात येणारे रक्त कमी, म्हणून बाहेर पडणारेही कमी, आणि रक्तदाब घसरू लागतो. शरीर ठोके वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून तो सावरते. वयामुळे किंवा गोळ्यांमुळे हे सावरणे मंदावले असेल, तर डोळ्यांपुढे अंधारी येते ती इथे.

आजोबा जोर सोडतात. छातीतला दाब एकदम उतरतो, रिकाम्या झालेल्या तिथल्या रक्तवाहिन्या आधी भरतात आणि एक-दोन सेकंद रक्तदाब आणखी खाली जातो. नेमके तेव्हाच ते झटकन उभे राहिले, तर रक्त पायांकडे उतरते आणि तोल जाऊ शकतो. म्हणून मिनिटभर बसून राहायचे आणि आधार धरून सावकाश उठायचे, हे त्यांना आग्रहाने सांगायला हवे. त्या एक-दोन सेकंदांनंतर तटलेले रक्त हृदयात धावते, बाहेरच्या वाहिन्या अजून आवळलेल्याच असतात, म्हणून रक्तदाब नेहमीपेक्षा वर उसळतो आणि त्याला आवर घालायला ठोके मंदावतात.

निरोगी माणसाला हे मनगटावर कळते. कुंथताना नाडी बारीक आणि जलद लागते, सोडल्यावर काही ठोक्यांनी भरदार आणि संथ. नुसता श्वास धरल्यावर असा चढउतार सहसा जाणवत नाही. हृदयविकार असेल किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र हा प्रयोग करू नका. मानेतला वाढलेला दाब डोळ्यापर्यंत पोचतो आणि जोराने कुंथल्यावर कधीकधी नेत्रपटलावर रक्तस्राव होतो.

फार थकलेल्या हृदयात, जिथे रक्त आधीच तुंबलेले असते, हा चढउतार दिसत नाही. कुंथताना रक्तदाब वाढतो, वाढलेलाच राहतो आणि सोडल्यावर खाली येतो.

शेवटची ती उसळी, ठोके मंद करणारी, डॉक्टर औषधासारखी वापरतात. हृदय अचानक दीडशे-दोनशेच्या गतीने धावू लागते, अशा एका प्रकारात रुग्णाला अर्धवट बसवून 10 मिलिच्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतके 15 सेकंद फुंकायला लावतात. मग लगेच आडवे करून पाय 45 अंशांत 15 सेकंद उचलून धरतात, म्हणजे पायांतले रक्तही हृदयाकडे येते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत या पद्धतीने 100पैकी 43 जणांची लय मिनिटभरात जागेवर आली; बसूनच फुंकणाऱ्यांत 17 जणांची.