अंगणापलीकडे हळू आवाजात

घर आणि मागची पत्र्याची शेड यांच्यात अंगण आहे चाळीस मीटरचं. घरातला राउटर खिडकीत आणून ठेवला तर शेडच्या दारापर्यंत वायफाय येतं आणि दारात थांबतं. आत पाऊल टाकलं की मोबाइलवरच्या रेघा एकेक करून गळतात. यात दोष अंतराचा नाही. रेडिओलहरी पत्र्यावरून उलट फिरतात, म्हणून घरातला राउटर कितीही दमदार घेतला तरी तो बाहेरून पत्र्याला धडका देत राहतो.

मधे रिपीटर लावला तरी तो एकाच रेडिओवर एक शब्द ऐकतो आणि मग तोच पुन्हा बोलतो, त्यामुळे निम्मा वेळ नुसत्या पुनरुक्तीत जातो. जमिनीतून नेटवर्कची तांब्याची केबल ओढता येते, पण दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं असतं. जवळपास वीज पडली की दोन्हींच्या व्होल्टेजमधला फरक त्या केबलमधून वाट काढतो आणि दोन्हीकडची यंत्रं घेऊन जातो. फायबरला हा धोका नाही, पण त्यासाठी अंगण खणावं लागतं. मला फरशी उखडायची नव्हती, म्हणून मी वायरलेस ब्रिज लावला. घराच्या भिंतीवर एक चपटी डबी आणि शेडच्या बाहेरच्या अंगाला दुसरी, दोघी समोरासमोर. शेडच्या डबीपासून केबल पत्र्याच्या भोकातून आत जाते आणि आत एक साधा ॲक्सेस पॉइंट शेडपुरतं वायफाय देतो. पत्र्याशी भांडायचं नाही, त्याला वळसा घालायचा.

डब्या समोरासमोर दिसल्या म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं. पण लहरी दोरीसारख्या सरळ रेषेत जात नाहीत. त्यांचा प्रवास काकडीच्या आकाराच्या जागेतून होतो, टोकांना निमुळती आणि मधोमध फुगलेली. या जागेला फ्रेनेल झोन म्हणतात. पाच गिगाहर्ट्झला चाळीस मीटरवर या काकडीची मधली त्रिज्या साधारण ७४ सेंटिमीटर भरते. त्यातला मधला साठ टक्के भाग, म्हणजे रेषेच्या चहूबाजूंनी ४५ सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. डोळ्याला डबी दिसते, पण तिच्या जरा खालून कुंपणाची कड जात असेल तर सिग्नल मार खातो तो तिथेच.

डब्या बसल्या, दिवे लागले, स्क्रीनवर सिग्नल उणे ३५ डीबीएम दिसला. हा आकडा नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. मी खूश. मग वेग मोजला, तर तो चाळीस मेगाबिटवर, मधेच पंधरावर, पुन्हा तीसवर. इतका भक्कम सिग्नल आणि इतकी रखडपट्टी!

हिशेब मांडल्यावर उलगडा झाला. डबी २० डीबीएम ताकदीने बोलते. तिचा अँटेना ती ताकद एका दिशेला वळवून १३ डेसिबलची भर घालतो, पलीकडचा अँटेनाही ऐकताना तेवढीच भर घालतो. बेरीज ४६. चाळीस मीटर मोकळ्या हवेत सुमारे ७९ डेसिबल जातात. उरले उणे ३३, म्हणजे स्क्रीनवरच्या आकड्याच्या अगदी जवळ. या डब्या बनलेल्या असतात काही किलोमीटरसाठी. चाळीस मीटरवर त्या एकमेकींच्या कानात ओरडत होत्या. ऐकणारीचा ॲम्प्लिफायर भरून वाहतो, लहरींचे शेंडे कापले जातात, डेटाची पाकिटं खराब पोचतात आणि पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात. रेघा पूर्ण आणि वेग लंगडा, ही या दुखण्याची खूण. सिग्नल खरोखर कमी असता तर रेघाही कमी दिसल्या असत्या.

दोन्ही डब्यांची ताकद मी २० वरून ५ डीबीएमवर आणली. दहा डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा आणि तीन म्हणजे निम्मा, त्या मापाने पंधरा डेसिबल कमी म्हणजे साधारण तिसावा हिस्सा. सिग्नल उणे ५० झाला आणि वेग एका जागी स्थिरावला. जोडणी उणे ४५ ते उणे ६० च्या दरम्यान असली की मी तिला हात लावत नाही. शेजाऱ्यांच्या वायफायला होणारा त्रासही कमी होतो, तो वेगळा फायदा. पाच गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर रडारला पहिला मान असतो. तिथे रडारसारखं काही कानावर पडलं की डबी ते चॅनेल सोडते, आणि नवं चॅनेलही तसलंच असेल तर किमान मिनिटभर ऐकून मगच बोलते. कारण नसताना अधूनमधून मिनिटभर जोडणी जात असेल, तर आधी चॅनेल बदलून बघावं.

सेटिंगमधली एक खूण मात्र चुकवून चालत नाही. एक डबी `Access Point`, दुसरी `Station`, आणि दोन्हींवर `WDS`. मोबाइल राउटरला जे पाकीट पाठवतो त्यावर तीनच पत्ते असतात: हवेत पाठवणारा, हवेत घेणारा आणि शेवटचा मुक्काम. पाठवणारा तोच मूळ मालक, असं त्यात धरलेलं असतं. पण शेडच्या डबीमागे कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे, त्यांच्या वतीने बोलायचं तर पाकिटावर चौथा पत्ता लिहायला जागा हवी. `WDS` ती जागा देतं. ते राहिलं तर बहुतेक वेळा घरातून शेडची डबी दिसते, पण तिच्यामागच्या कॉम्प्युटरला काहीच मिळत नाही. आणि पत्ते वाटायचं काम घरच्या राउटरकडेच ठेवावं, शेडमधल्या ॲक्सेस पॉइंटचं `DHCP` बंद. दोघे वाटू लागले तर शेडमधला एखादा कॉम्प्युटर भलताच पत्ता घेऊन बसतो आणि घरच्या प्रिंटरला ओळख देत नाही.

पहिल्या जोरदार सरीनंतर सिग्नल उणे ६३ वर घसरला. पाऊस एवढ्या अंतरात पाच गिगाहर्ट्झचं फारसं काही बिघडवत नाही, म्हणून मी कनेक्टर उघडून बघितला. कोरडा होता. केबल आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घेतली होती, त्यामुळे पाणी झोळातूनच टपकत होतं. मग नजर वर गेली. अंगणातल्या झाडाची एक फांदी ओल्या पानांच्या वजनाने वाकून त्या काकडीत उतरली होती. पानातलं पाणी लहरी शोषतं. तेरा डेसिबल, म्हणजे विसावा हिस्सा उरला. ऊन पडल्यावर आकडा आपोआप परतला. फांदी छाटण्यापेक्षा घराकडची डबी भिंतीवरून मीटरभर बाजूला सरकवली. या अँटेनाचा झोत बराच रुंद असतो, त्यामुळे नेम धरायला फार कसरत पडली नाही.

वेग मोजताना इंटरनेटची चाचणी घेऊ नये, तिच्यात बाहेरच्या लाइनचे दोषही मिसळतात. शेडमधल्या कॉम्प्युटरवर पहिली ओळ, घरच्या कॉम्प्युटरवर दुसरी, आणि दोन्ही केबलने जोडलेले:

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.30 -t 30
```

`192.168.1.30` हा शेडमधल्या कॉम्प्युटरचा पत्ता. माझ्याकडे आकडा आला ९४, आणि कितीही वेळा मोजला तरी ९४. डबीच्या पानावर तर हवेतला दर ३०० लिहिलेला! हवेतल्या दराच्या निम्म्याच्या आसपास हाती लागणं नेहमीचं, पण हवा इतकी काटेकोर नसते, तिच्यात आकडा थोडा तरी हलतो. सतत ९४ म्हणजे डबीचं केबलचं भोकच शंभर मेगाबिटचं आहे. हवेच्या बाजूला आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून मी शिडी उचलून ठेवली.