इंटर्नशिपचे ऑफर लेटर

विद्यार्थ्याला ठरावीक काळ आपल्याकडे काम शिकू देण्याचे एखादी संस्था ज्या पत्राने मान्य करते, त्या पत्राला इंटर्नशिपचे ऑफर लेटर म्हणतात. ते नोकरीचे नेमणूकपत्र नव्हे. मात्र विद्यार्थ्याने त्यावर सही करून प्रत परत दिली की त्याला कराराचे रूप येते आणि भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. १९६१ च्या कायद्याखालील अप्रेंटिसशिप यापेक्षा वेगळी आहे. तिचा करार नोंदवावा लागतो आणि किमान विद्यावेतन नियमांनीच ठरलेले असते. साध्या इंटर्नशिपला असा आधार नसल्याने पत्रात काय लिहिले आहे, यालाच सारे महत्त्व येते. मुंबईत ही पत्रे बहुधा इंग्रजीत, ईमेलने येतात आणि विद्यार्थी त्यातला रकमेचा आकडा व रुजू होण्याची तारीख तेवढी पाहतो.

कालावधी नुसता आठवड्यांत लिहिणे पुरेसे नसते, कारण महाविद्यालय तास मोजते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार इंटर्नशिपच्या एका श्रेयांकाला ३० तास लागतात, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास. उदाहरणार्थ, अंधेरीच्या एका कार्यालयाने वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला जूनपासून सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते दोन अशी वेळ दिली, असे समजू. रोज चार तासांप्रमाणे हे बरोबर १२० तास भरतात. पण पावसाने एक दिवस लोकल बंद पडली, की ते ११६ होतात आणि श्रेयांक अडतात. म्हणून पत्रात सुरुवातीची व शेवटची तारीख, एकूण तास आणि बुडालेले दिवस भरून काढण्याची मुभा या तिन्ही गोष्टी हव्यात. विधी शाखेचा पेच उलट्या बाजूचा आहे: बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार कोणत्याही वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप करता येत नाही, त्यामुळे दोन महिन्यांचे सलग पत्र तिथे उपयोगाचे ठरत नाही.

विद्यावेतनाचा वाद बहुतेक वेळा रकमेवरून होत नाही, भागाकारावरून होतो. वरच्या उदाहरणात ‘दरमहा ८,००० रुपये’ एवढेच लिहिले असेल, तर सहा आठवड्यांचे किती? महिना ३० दिवसांचा धरून ४२ दिवसांचे ११,२०० रुपये होतात. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरून हजेरीच्या ३० दिवसांचे सुमारे ९,२३१ रुपये. फरक जवळपास दोन हजारांचा आहे आणि दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यामुळे हिशेबाची पद्धत, रक्कम मिळण्याची तारीख आणि लोकलचा पास त्यातच धरला आहे की वेगळा, हे पत्रातच यावे.

देखरेखीच्या कलमात ‘आमचे वरिष्ठ सहकारी’ असे मोघम न लिहिता मार्गदर्शकाचे नाव व हुद्दा लिहावा, आणि त्याने मधेच नोकरी सोडली तर कामाच्या नोंदवहीवर सही कोण करील, हेही. वर्तनाच्या कलमात वेळ, हजेरी व कार्यालयाचे नियम येतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी स्त्रीलाही, विद्यावेतन असो वा नसो, लागू होतो. पत्रात त्याचा उल्लेख नसला तरी हा हक्क कमी होत नाही.

सर्वांत जास्त अडचण गोपनीयतेच्या कलमाने होते. ‘कामात समजलेली कोणतीही माहिती कोणालाही सांगणार नाही’ असे सरसकट वाक्य ठरावीक मसुद्यातून जसेच्या तसे उचललेले असते. इकडे त्याच विद्यार्थिनीला महाविद्यालयात प्रकल्प अहवाल द्यायचा असतो आणि तोंडी परीक्षेत त्यावर उत्तरेही द्यायची असतात. म्हणजे सही करतानाच ती पुढे मोडावी लागणारी अट मान्य करते. यावर उपाय एका वाक्याचा आहे: ‘मार्गदर्शकाने लेखी मंजूर केलेला अहवाल महाविद्यालयास सादर करण्यास हे कलम आड येणार नाही.’ मंजुरीला दिवसांची मर्यादाही घालावी, उदाहरणार्थ सात दिवस, नाहीतर अहवाल मार्गदर्शकाच्या मेलमध्ये पडून राहतो आणि सादर करण्याची तारीख निघून जाते. ग्राहकांची नावे, दर आणि खात्यांचे तपशील अहवालातून गाळण्याची अट मात्र रास्त आहे आणि ती पाळलीच पाहिजे.

याच कलमाला चिकटून कधी कधी आणखी दोन अटी येतात. इंटर्नशिप संपल्यावर वर्षभर प्रतिस्पर्धी संस्थेत काम न करण्याची अट करार कायद्याच्या कलम २७ नुसार निरर्थक ठरते. गोपनीयता मोडल्यास एक लाख रुपये दंड, अशी अट असली तरी कलम ७४ नुसार तो आकडा फक्त कमाल मर्यादा असतो. न्यायालय त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते. तरीही अशा अटी टिकणार नाहीत असे गृहीत धरून सही करू नये. दुरुस्ती रुजू होण्यापूर्वी ईमेलने मागावी आणि सुधारित पत्र हाती आल्यावरच सही करावी, कारण फोनवर ‘ते असू द्या, आम्ही सांभाळून घेऊ’ असे म्हणणारी व्यक्ती अहवालाच्या वेळी त्या जागेवर असेलच असे नाही.