छेद तोच, अंश वेगळा

1970च्या दशकात अमेरिकेत कॅल्क्युलसच्या एका परीक्षेत पहिला प्रश्न मुद्दाम सोपा ठेवला होता. पोरांचा धीर चेपावा, एवढाच हेतू. प्रश्न असा:

∫ x/(x² − 9) dx

गणित लोक कसं सोडवतात याचा अभ्यास करणारे अ‍ॅलन शोनफेल्ड यांनी 178 विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका पाहिल्या. त्यातल्या 44 जणांनी छेदाचे (x − 3)(x + 3) असे अवयव पाडून पार्शल फ्रॅक्शन मांडले होते. आणखी 17 जणांना वर्गातून वर्ग वजा झालेला दिसला, म्हणून त्यांनी x = 3 sin θ धरून त्रिकोणमितीत उडी घेतली. रीत म्हणून यात चूक काहीच नाही. पण x² − 9 = t धरलं की 2x dx = dt होतं, आणि ½ log|x² − 9| + c हे उत्तर दोन ओळींत हातात येतं.

या मुलांना रीती येत नव्हत्या असं नाही. उलट त्यांना अवघड रीती येत होत्या. अडचण होती ती प्रश्न पाहिल्यावर हात कुठल्या रीतीकडे जातो, याची. x² − 9 हा आकार ओळखीचा निघाला आणि वरचा x नजरेतून सुटला.

डेरिव्हेटिव्ह काढताना हा पेच येत नाही. गुणाकाराला एक नियम, भागाकाराला एक नियम; ते लावत गेलं की उत्तर येतंच. इंटिग्रेशन ही उलटी वाट आहे, आणि उलट्या वाटेवर गुणाकाराचा असा सरसकट नियम नाही. त्यामुळे आधी रूप पाहायचं आणि मग रीत ठरवायची. पुस्तकात मात्र हे ठरवायची वेळच येत नाही, कारण स्वाध्यायाच्या डोक्यावरच ‘सब्स्टिट्यूशन’ किंवा ‘बाय पार्ट्स’ असं छापलेलं असतं. वीस उदाहरणं सोडवून होतात, पण रीत निवडण्याचा सराव एकदाही होत नाही. परीक्षेत मथळा नसतो.

यावर मला पटलेला उपाय अगदी घरगुती आहे. जुन्या प्रश्नपत्रिकांतले आणि स्वाध्यायांतले साठ-सत्तर इंटिग्रल पोस्टकार्डाच्या आकाराच्या कागदांवर उतरवायचे. पुढे फक्त प्रश्न. मागे रीतीचं नाव आणि पहिली पायरी, पूर्ण उत्तर नाही. मग पत्त्यांसारखे पिसून ढीग लावायचे. सोडवायचं काहीच नाही, फक्त हे पान कुठल्या ढिगात जाईल ते ठरवायचं आणि का ते मनाशी बोलायचं. एका पानाला फार तर अर्धा मिनिट. शेवटी पानं उलटून पाहायची. चुकलेली पानं बाजूला काढायची, कारण खरा माल त्यांच्यातच असतो.

पहिल्यांदा ढीग लावताना बहुतेक जण दिसण्यावरून लावतात: वर्गमुळं एकीकडे, e असलेली दुसरीकडे, sin-cos तिसरीकडे. नवखा माणूस असंच करतो. 1981 साली मानसशास्त्रज्ञ मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या प्रश्नांवर हेच करून पाहिलं होतं. नवख्या विद्यार्थ्यांनी उतरणीचे प्रश्न एकत्र ठेवले, स्प्रिंगचे एकत्र. जाणकारांनी मात्र ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारे प्रश्न एका ढिगात घातले, मग चित्रात उतरण असो की स्प्रिंग. इंटिग्रेशनमध्येही दिसण्याचा ढीग मोडून रीतीचा ढीग लागायला हवा. त्यासाठी एकमेकांसारखी दिसणारी पानं शेजारी ठेवणं सगळ्यात कामाचं.

आपल्या x² − 9 चीच भावंडं घेऊ. अंशात x असेल तर छेदाचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे 2x, स्थिरांकाच्या फरकाने वर हजर आहे, म्हणून सब्स्टिट्यूशन. अंशात नुसता 1 असेल तर तो आधार गेला. 1/(x² − 9) ला खरोखरच पार्शल फ्रॅक्शन लागतात आणि उत्तर (1/6) log|(x − 3)/(x + 3)| + c येतं. अंशात x² असेल तर वरची घात खालच्याइतकीच झाली, म्हणून आधी भागाकार: x²/(x² − 9) = 1 + 9/(x² − 9), आणि उरलेला तुकडा मघाचाच. छेदात वजाऐवजी अधिक, म्हणजे 1/(x² + 9), असेल तर वास्तव अवयवच पडत नाहीत, आणि उत्तर (1/3) tan⁻¹(x/3) + c. ही चारही पानं लांबून सारखीच दिसतात, पण जातात चार ढिगांत. एकदा ती ओळीने मांडली की नजर आपोआप आधी अंशाकडे जायला लागते.

दुसरं कुटुंब e चं. x·eˣ मध्ये x हा eˣ च्या घातांकाचा डेरिव्हेटिव्ह नाही; दोघे वेगळ्या घरचे, म्हणून बाय पार्ट्स, उत्तर (x − 1)eˣ + c. x·e^(x²) मध्ये मात्र x हा x² च्याच घरचा, म्हणून x² = t, उत्तर ½e^(x²) + c. आणि त्यातला x काढून टाकला, नुसता e^(x²) उरला, तर तो कुठल्याच ढिगात जात नाही. रोजच्या ओळखीच्या फलनांत त्याचं इंटिग्रल लिहिताच येत नाही, हे फ्रेंच गणिती लिऊव्हिल यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या कामातून सिद्ध होतं. प्रश्न छोटा झाला म्हणजे सोपा झाला, हा समज इथे मोडतो.

ढीग चुकला हे कागदावर लवकर कळतं. सब्स्टिट्यूशननंतर t च्या सोबत एखादा x लोंबकळत राहिला आणि तो t मध्ये लिहिता येत नसेल, तर मागे फिरायचं. बाय पार्ट्सनंतर नवा इंटिग्रल जुन्यापेक्षा जाड झाला, तर बहुधा भूमिका उलट वाटल्या गेल्यात. x·eˣ मध्ये eˣ चा डेरिव्हेटिव्ह घेतला आणि x चं इंटिग्रल, तर पुढे ½x²·eˣ येऊन बसतो. तेव्हा आणखी रेटण्यात अर्थ नाही.

काही पानं दोन ढिगांतली असतात. x³·e^(x²) हे माझ्या आवडीचं. घातांकातला x² पाहून t = x² धरलं तर x³ dx मधला x dx खर्ची पडतो आणि x² उरतो. पण तो लोंबकळत नाही, कारण तो स्वतःच t आहे. मग ½∫ t·eᵗ dt, म्हणजे मघाचंच बाय पार्ट्सचं पान, आणि शेवटी ½(x² − 1)e^(x²) + c. अशा पानाच्या मागे दोन्ही नावं क्रमाने लिहायची.

आणि काही पानं वेष पालटून येतात. 1/(1 + eˣ) पुढे ठेवा. अंशात छेदाचा डेरिव्हेटिव्ह नाही, x च्या घातांचे अवयव नाहीत, गुणाकारही दिसत नाही. अशा वेळी शोनफेल्ड यांचा क्रम उपयोगी पडतो: आधी सोपं करून पाहा, मग वर्ग ठरवा, आणि वर्ग सापडेना तर प्रश्नाचंच रूप बदला. वर-खाली e⁻ˣ ने गुणलं की e⁻ˣ/(e⁻ˣ + 1) होतं. आता छेदाचा डेरिव्हेटिव्ह −e⁻ˣ आहे आणि वर e⁻ˣ बसलाय. उत्तर −log(1 + e⁻ˣ) + c. हे पान पहिल्या खेपेला बाजूच्या ढिगात पडलं तर पडू द्यावं. तिथे अशी दहा-बारा जमली की त्यांचाही एक वेगळा ढीग लागतो, ‘आधी कशाने तरी गुणा’ असा.