भूकंपाचा इशारा: भूकंपमापक केंद्रांचा आणि फोनांचा

कॅलिफोर्नियातील ‘मायशेक’ अ‍ॅप आणि अँड्रॉइड फोनमध्ये मुळातच असलेली भूकंप-इशाऱ्याची सोय वापरणाऱ्याला एकसारखीच वाटते, कारण दोन्हींत हादरा पोहोचण्याच्या काही सेकंद आधी फोन वाजतो. बर्कलीच्या विद्यापीठात तयार झालेले मायशेक २०१६ मध्ये आले, तेव्हा ते फोनमधील अ‍ॅक्सेलरोमीटरनेच कंप टिपत असे, त्यामुळे हा घोळ आणखी वाढतो. आज मात्र मायशेकवर येणारा इशारा अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या ‘शेकअलर्ट’ या भूकंपमापकांच्या जाळ्याकडून येतो.

दोन्ही पद्धतींचा आधार एकच आहे. भूकंपाची प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाते, तर जास्त नुकसान करणारी दुय्यम लहर साडेतीन किलोमीटर जाते. भूकंपाच्या केंद्रापासून ६० किलोमीटरवरील गावात दुय्यम लहर साधारण १७ सेकंदांनी पोहोचते. भूकंपमापक भूकंपाच्या केंद्राजवळच असेल, तर तो दोन-तीन सेकंदांत प्राथमिक लहर टिपतो. गणित होऊन इशारा फोनवर येईपर्यंत आणखी पाचएक सेकंद गेले, तरी गावकऱ्यांना नऊ-दहा सेकंद उरतात.

अँड्रॉइडच्या पद्धतीत, शेकअलर्टचे जाळे नसलेल्या देशांत, टेबलावर स्थिर पडलेले फोनच भूकंपमापक होतात. एखाद्या फोनला कंप जाणवला की तो आपल्या अंदाजे ठिकाणासह सर्व्हरला संदेश पाठवतो. एकटा फोन टेबलाला धक्का लागूनही हलेल, म्हणून एकाच परिसरातील अनेक फोन एकाच वेळी हलल्याचे दिसल्यावरच सर्व्हर भूकंप मानतो.

खरा फरक कंप ओळखण्यात नाही, भूकंप किती मोठा आहे हे ठरवण्यात आहे, आणि तो तुर्कीत ६ फेब्रुवारी २०२३ रोजी दिसला. पहाटे सव्वाचारच्या सुमारास ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला; बहुतेक फोन त्या वेळी निवांत पडलेले होते आणि यंत्रणेने भूकंप ओळखलाही, पण त्याची तीव्रता ४.५ ते ४.९ एवढीच ठरवली. परिणामी पडदाभर झळकणारा, मोठ्या आवाजाचा सर्वांत गंभीर इशारा केवळ ४६९ वेळा गेला, आणि सुमारे पाच लाख लोकांना सौम्य सूचना मिळाली, जी झोपलेल्याला जागे करेलच असे नाही. पुढे सुधारलेल्या गणिताने तोच भूकंप पुन्हा तपासला, तेव्हा गंभीर इशारा एक कोटी फोनांना गेला असता असे गूगलच्या संशोधकांना आढळले.

भूकंपमापकांचे जाळेही या चुकीपासून पूर्ण सुरक्षित नाही, कारण मोठा भूकंप एका क्षणात घडत नाही. प्रस्तर फाटत जायला मिनिटभरही लागतो आणि पहिल्या सेकंदांत त्याचा खरा आकार कळत नाही. जपानच्या जाळ्याने २०११ मध्ये ९.० तीव्रतेचा भूकंप सुरुवातीला बराच लहान मानला होता.

भारतात २०२३ पासून अँड्रॉइडची फोनांवर चालणारी पद्धत उपलब्ध आहे. किल्लारीसारखा उथळ भूकंप अगदी पायाखालीच झाला, तर तेथील घरांसाठी दोन्ही पद्धतींचा इशारा हादऱ्यानंतरच येईल. वेळ मिळेल तो दूरच्या गावांना.