काव्यगत मी

कवितेत ‘मी’ म्हणून बोलणारी व्यक्ती. तिला निवेदक असेही म्हणतात. ती म्हणजे कवीच, असे गृहीत धरता येत नाही. ते त्या त्या कवितेतूनच ठरवावे लागते.

संस्कृत साहित्यशास्त्रात हा भेद जुना आहे. अर्थशक्तिमूल ध्वनीचा, म्हणजे शब्दाच्या नव्हे तर अर्थाच्या बळावर होणाऱ्या सूचनेचा, विचार करताना आनंदवर्धनाने (नववे शतक) कवीची प्रौढोक्ती, म्हणजे कल्पनेने रचलेली उक्ती, आणि कवीने योजलेल्या वक्त्याची प्रौढोक्ती यांचा वेगळा निर्देश केला. मम्मटाने पुढे त्यांचे स्वतंत्र प्रकार मोजले. जगन्नाथ पंडिताला (सतरावे शतक) ही मोजणी मान्य नाही. वक्ताही कवीच्याच प्रतिभेतून आलेला, मग निराळा प्रकार कशाला, असा त्याचा आक्षेप आहे. वर्गीकरणापुरता तो बिनतोड वाटतो. अर्थ लावताना मात्र मम्मटाची बाजू अधिक उपयोगी पडते.

आधुनिक मराठीत हा प्रश्न ठळक झाला तो ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे (मृ. १९४१) यांच्या नाट्यगीतांमुळे, म्हणजे एखाद्या पात्राच्या तोंडी घातलेल्या कवितांमुळे. त्यांमागे इंग्रज कवी ब्राउनिंगचा प्रभाव सांगितला जातो. ब्राउनिंगने १८४२च्या संग्रहातच हे उद्गार काल्पनिक व्यक्तींचे आहेत, माझे नव्हेत, असे बजावले होते.

तांब्यांच्या ‘नववधू प्रिया, मी बावरते’ या गीतात पहिल्याच ओळीतले क्रियापद बोलणारी स्त्री असल्याचे सांगते. हे गीत मृत्यूचे रूपक म्हणून वाचण्याची प्रथा आहे आणि ती निराधार नाही, कारण सासरलाच शेवटी खरे घर म्हटले आहे. अडचण होते ती ‘मी’च्या जागी थेट तांबे बसवल्यावर. मग बागबगीचा, मळा, उराशी धरलेले प्रियाचे चित्र ही सगळी नुसती सांकेतिक लिपी होते आणि कविता मरणभयाची कबुली ठरते. बोलणारी नववधूच मानली, तर भीतीचे स्वरूप बदलते. चित्राला हारतुरे घालणारी ही मुलगी तो बोलावतो तेव्हा थरथरते. तिला धास्ती आहे ती परक्याची नव्हे, जिवलगाच्या जवळिकीची. ओढ आणि भय एकाच वेळी असल्यामुळेच धीर देऊन घेऊन जा, असे ती त्यालाच विनवते. मृत्यूचा अर्थ या भावावर उभा राहतो, त्याच्या जागी येत नाही.

खुणा नेहमी इतक्या स्पष्ट नसतात. ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ या गीतातील ‘मी जाता’ या शब्दांत लिंग नाही, वय नाही, नातेही नाही. वाचक सहसा तेथे तांब्यांनाच ऐकतात आणि ओळीत एका कवीची खंत उतरते. कोणीही मर्त्य माणूस बोलतो आहे असे धरले, तर तीच ओळ कोरडे विधान होते. येथे कवितेतील पुरावा कोणत्याच बाजूला निर्णायक नाही.