वाहन तपासणीतील कागदपत्रे (खान्देश)

रस्त्यावर पोलीस किंवा परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याने गाडी थांबवल्यावर चालकाला जी कागदपत्रे दाखवावी लागतात ती. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 130 आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 139 यांचा हा विषय. धुळे (एमएच 18), जळगाव (एमएच 19) व नंदुरबार (एमएच 39) या तिन्ही जिल्ह्यांतून सुरत-नागपूर महामार्ग जातो आणि गुजरात व मध्य प्रदेशच्या सीमा लागून आहेत. त्यामुळे नवापूर, शिरपूर किंवा मुक्ताईनगरकडच्या चालकाला तपासणी नवी नसते.

दुचाकी किंवा घरच्या कारसाठी चार कागद लागतात: लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी. नव्या गाडीला नोंदणीपासून पहिले वर्ष पीयूसी लागत नाही. मालवाहू गाडीला यांखेरीज फिटनेस, म्हणजे बोलीतले ‘पासिंग’, आणि परमिट लागते. मात्र एकूण वजन 3000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिटची सक्ती नाही. रावेर-यावल पट्ट्यात केळी वाहणाऱ्या अनेक लहान गाड्या याच मर्यादेत बसतात.

कागद जवळ नसणे आणि कागदच नसणे हे दोन वेगळे प्रकार आहेत. नाक्यावरचे बहुतेक वाद ते एकच समजल्याने होतात. कागद वैध आहे पण घरी राहिला, तर नियम 139 प्रमाणे मागणीच्या दिवसापासून 15 दिवसांत त्याचा साक्षांकित उतारा मागणाऱ्या अधिकाऱ्याला नेऊन दाखवता येतो किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवता येतो. मालवाहू गाडीच्या आरसी व फिटनेसबाबत कलम 130 इतके सैल नाही. ते गाडीतच ठेवलेले बरे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमधला कागद मुळाइतकाच ग्राह्य असतो. गॅलरीत ठेवलेल्या फोटोला तो दर्जा नाही. जुने पुस्तकी लायसन मात्र संगणकीय नोंदीत चढलेले नसेल तर अॅपमध्ये सापडत नाही. अशा चालकाने आरटीओत जाऊन आधी नोंद चढवून घ्यावी.

समजा, सावद्याहून केळी भरून एक पिकअप धुळ्याकडे निघाली आणि एरंडोलजवळ अडवली गेली. एकूण वजन मर्यादेत, म्हणून परमिटचा प्रश्न नाही. हवालदार यंत्रात गाडीचा नंबर टाकतो आणि नोंदणी, विमा, पासिंग, पीयूसी यांच्या तारखा समोर येतात. लायसन गाडीच्या नंबरावरून कळत नाही, कारण ते चालकाचे असते. चालक सांगतो, “साहेब, लायसन घर राही गयं.” घरी फोन करून नंबर मिळाला आणि नोंद वैध निघाली, तर प्रकरण फार तर कागद न दाखवल्याचे राहते, कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत दंड, पुढे 1500. नंबरच मिळाला नाही तर विनालायसन गाडी चालवल्याचे, कलम 181 चे चलान होऊ शकते. त्याचा दंड 5000 रुपये. शिवाय गाडी हाती देणाऱ्या मालकावरही कलम 180 लागते.

अशा वेळी चलानावरचे कलम जागीच वाचून घ्यावे. लायसन असूनही 181 लावले असेल, तर तपासणीच्या दिवशी ते वैध होते हे दाखवून हरकत घेता येते. नंतर काढलेल्या कागदाचा मात्र उपयोग नाही. विमा पॉलिसीवर मुदत सुरू होण्याची तारीखच नव्हे, वेळही छापलेली असते. अडवल्यावर फोनवरून काढलेली पॉलिसी त्यामुळे लगेच ओळखू येते. विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी 2000, पुन्हा सापडल्यास 4000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आणि अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकाच्या अंगावर येतो, ज्यापुढे हा दंड काहीच नाही.

गाडी जमा करण्याचा अधिकार कलम 207 देते, पण सरसकट नाही. लायसन, नोंदणी किंवा आवश्यक परमिट नसणे ही त्याची कारणे. त्यात विमा किंवा पीयूसी संपल्याचा उल्लेख नाही. लायसन किंवा परमिटच्या प्रकरणात अधिकारी गाडीऐवजी आरसी ताब्यात घेऊन पोच देऊ शकतो. नाशवंत माल भरलेला असेल तर चालकाने ही विनंती अवश्य करावी, आणि लायसन असलेला दुसरा चालक बोलवावा. आरसी मिळेपर्यंत ती पोच गाडीत जपून ठेवावी लागते, कारण पुढच्या तपासणीत आरसीच्या जागी तीच दाखवायची असते.