वीजजाळ्यातील मंद हेलकावे आणि पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर

१० ऑगस्ट १९९६ रोजी दुपारी अमेरिकेच्या पश्चिम भागात कडक उन्हाळा होता आणि वायव्येकडील जलविद्युत केंद्रांतून कॅलिफोर्नियाकडे ४,००० मेगावॉटहून अधिक वीज वाहत होती. ३ वाजून ४२ मिनिटांनी ऑरेगन राज्यातील कीलर ते ऑलस्टन ही ५०० किलोव्होल्टची वाहिनी तापून खाली ओथंबली, झाडाला लागली आणि बंद पडली. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला. पाच मिनिटांनी आणखी एक वाहिनी गेली आणि त्याच सुमारास कोलंबिया नदीवरील मॅकनॅरी केंद्रातील जनित्रे एकामागून एक जाळ्यातून सुटू लागली. मग ऑरेगन आणि कॅलिफोर्निया यांना जोडणाऱ्या वाहिन्यांमधील वीजप्रवाह सुमारे दर चार सेकंदांनी वर-खाली होऊ लागला आणि त्याचा प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. मिनिटभराहून थोड्या अधिक काळात या वाहिन्या तुटल्या, संपूर्ण पश्चिमी जाळे चार तुकड्यांत विभागले गेले आणि सुमारे ७५ लाख ग्राहकांची वीज गेली.

वाहिनी झाडाला लागणे ही या घटनेची सुरुवात होती, पण जाळे मोडले ते वाढत्या हेलकाव्यांमुळे. असे हेलकावे का येतात, ते बहुतेक वेळा आपोआप विरतात तर कधी वाढत का जातात आणि त्यांना आवर कसा घालता येतो, हे समजून घेण्यासाठी जनित्राच्या रोटरपासून, म्हणजे त्याच्या फिरणाऱ्या भागापासून सुरुवात करावी लागते.

एका जाळ्याला जोडलेली सर्व जनित्रे एकाच विद्युत वेगाने फिरतात, मात्र त्यांच्या रोटरांमध्ये ठरावीक कोनाचा फरक असतो आणि त्या फरकावरच एकीकडून दुसरीकडे किती वीज जाईल हे ठरते. एखादा रोटर क्षणभर पुढे सरकला की त्याच्याकडून जास्त वीज खेचली जाते, त्याच्यावरचा विद्युत टॉर्क, म्हणजे पिळणारा जोर वाढतो आणि हा टॉर्क त्याला मागे ओढतो. रोटर जड असल्यामुळे तो मूळ जागी न थांबता मागे जातो आणि तिथून पुन्हा पुढे येतो. रोटर आणि टर्बाइन यांच्यात जनित्राला पूर्ण क्षमतेने सुमारे चार सेकंद वीज देता येईल इतकी गतिज ऊर्जा साठलेली असते असे धरले आणि मागे ओढणाऱ्या टॉर्कचे नेहमीचे मूल्य घेतले, तर हिशेबाने या दोलनाची वारंवारता एक हर्ट्झच्या आसपास निघते. एक जनित्र उरलेल्या जाळ्याविरुद्ध हलते तेव्हा साधारण याच पट्ट्यातले दोलन दिसते आणि त्याला स्थानिक दोलन म्हणतात. पण एका प्रदेशातील शेकडो जनित्रे एकत्रितपणे दुसऱ्या प्रदेशातील शेकडो जनित्रांविरुद्ध हलू लागली, तर दोन्ही बाजूंचे वस्तुमान प्रचंड असते आणि त्यांना जोडणाऱ्या लांब वाहिन्यांचा दुवा त्या मानाने दुबळा असतो. अशा आंतरप्रादेशिक दोलनांची वारंवारता ०.१ ते ०.८ हर्ट्झ इतकी खाली येते. १९९६ मधील चार सेकंदांचे हेलकावे याच प्रकारचे होते.

दोलन विरण्याच्या गुणधर्माला अवमंदन म्हणतात आणि ते टक्क्यांत मोजले जाते. अवमंदन पाच टक्के असेल तर प्रत्येक फेरीनंतर हेलकावा आधीच्या ७३ टक्के उरतो आणि दहा फेऱ्यांनी तो जवळजवळ नाहीसा होतो. एकच टक्का असेल तर दहा फेऱ्यांनंतरही तो निम्म्याहून थोडा अधिक शिल्लक असतो आणि नियंत्रण कक्षातील माणसाला काळजी वाटावी अशी ही स्थिती आहे. अवमंदन शून्याच्या खाली गेले की हेलकावा फेरीगणिक वाढतो. १९९६ च्या घटनेवरील एका नंतरच्या संगणकीय अभ्यासात या दोलनाचे अवमंदन उणे ३.४ टक्के इतके निघाले. याचा अर्थ प्रत्येक फेरीत हेलकावा जवळजवळ सव्वापट होतो, म्हणजे तीन-साडेतीन फेऱ्यांत तो दुप्पट होतो.

आता जनित्रांना मुळातच थोडेफार अवमंदन असते, तर ते उणे कसे होते? याचे उत्तर बऱ्याच अंशी ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजेच एव्हीआर या यंत्रणेत आहे. जनित्राच्या टोकांवरील व्होल्टेज घसरले की एव्हीआर रोटरला प्रवाह पुरवणाऱ्या एक्सायटरमार्फत रोटरच्या गुंडाळीतील प्रवाह वाढवतो. गेल्या शतकाच्या मध्यानंतर वेगवान आणि अतिसंवेदनशील एव्हीआर वापरात आले, कारण जाळ्यात शॉर्टसर्किट झाल्यावर जनित्राला जाळ्याशी जोडून ठेवण्यासाठी क्षणार्धात प्रवाह वाढवणे गरजेचे होते. त्या कामात ते उत्तम ठरले, पण त्यांनी एक नवी अडचण निर्माण केली.

जनित्र भरपूर वीज लांबच्या वाहिनीतून पाठवत असेल, तर रोटर पुढे सरकताच त्याच्या टोकांवरील व्होल्टेज घसरते. एव्हीआर लगेच प्रवाह वाढवू पाहतो, परंतु रोटरची गुंडाळी मोठी असल्याने तिच्यातील प्रवाह आणि त्यातून येणारे चुंबकीय क्षेत्र लगेच बदलत नाही, त्याला उशीर होतो. रोटरला मागे ओढणारा वाढीव टॉर्क त्यामुळे उशिराने येतो. रोटर पुढे जात असताना तो अपुरा असतो आणि रोटर परत मागे येऊ लागलेला असताना तो अजून जोरात असतो, म्हणजेच जी हालचाल रोखायची तिलाच तो बळ देतो. झोका परत येत असताना त्याच दिशेने ढकलले तर तो वाढतो, तसाच हा प्रकार आहे. एव्हीआर जितका जोरकस, तितका हा परिणाम मोठा. १९६९ मध्ये डिमेलो आणि कॉन्कॉर्डिया यांनी हे गणित स्पष्टपणे मांडले आणि पुढची दिशाही दाखवली.

दिशा अशी की एव्हीआर कायम ठेवावा आणि त्याच्याच मार्गाने अवमंदन देणारा टॉर्क मागवावा. हेच पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर, थोडक्यात पीएसएस करतो. तो रोटरचा वेग किंवा जनित्राची वीज मोजून वेगातील बदल काढतो आणि त्यापासून तयार केलेला लहान संकेत एव्हीआरच्या संदर्भ व्होल्टेजमध्ये मिसळतो. रोटर नेहमीपेक्षा वेगाने फिरत असेल तेव्हा विद्युत टॉर्क थोडा वाढावा आणि संथ असेल तेव्हा थोडा कमी व्हावा, अशी त्याची मागणी असते. टॉर्क वेगाशी तंतोतंत सांगड घालून आला, तर तो हेलकाव्यातील ऊर्जा काढून घेतो.

अडचण पुन्हा उशिराचीच आहे. संकेत एव्हीआरमध्ये शिरल्यापासून टॉर्क प्रत्यक्ष येईपर्यंत दोलनाच्या फेरीचा बराच भाग निघून जातो. एक हर्ट्झच्या दोलनासाठी ही दिरंगाई ९० अंशांच्या जवळपास असेल, म्हणजेच फेरीचा चौथा भाग, तर पीएसएसने आपला संकेत तितकाच आधी पाठवायला हवा. संकेताची फेज, म्हणजे फेरीतील त्याची जागा, पुढे नेणारे हे परिपथ प्रत्येक टप्प्यासाठी असे लिहितात, यातील s हे दोलनाच्या वारंवारतेनुसार बदलणारे गणिती चिन्ह आहे:

```
(1 + 0.2s) / (1 + 0.02s)
```

एक हर्ट्झला असा एक टप्पा सुमारे ४४ अंशांची आघाडी देतो आणि दोन टप्पे मिळून ८८ अंश. ०.२५ हर्ट्झच्या संथ दोलनासाठी हेच दोन टप्पे जेमतेम ३१ अंश देतात, पण तिथे जनित्राची दिरंगाईही कमी असल्याने त्यातून बरेचसे साधते. पीएसएसची खरी कसोटी इथेच असते, कारण एकाच यंत्राला वेगवान स्थानिक दोलन आणि संथ आंतरप्रादेशिक दोलन या दोन्हींवर काम करायचे असते आणि फेज एकाच ठिकाणी जुळवून भागत नाही. प्रत्येक जनित्रावर त्याची दिरंगाई प्रत्यक्ष मोजून मगच आकडे ठरवावेत, याला मी पर्याय मानत नाही. दुसऱ्या केंद्रातले आकडे उचलून बसवले, तर पीएसएस चालू दिसतो आणि उपयोग मात्र फारसा होत नाही.

फेजखेरीज पीएसएसमध्ये आणखी दोन रक्षक असतात. वॉशआउट नावाचा भाग केवळ बदल पुढे जाऊ देतो, त्यामुळे जाळ्याची वारंवारता कायमची थोडी घसरली तरी पीएसएस जनित्राचे व्होल्टेज बदलत बसत नाही. आउटपुटवरची मर्यादा, साधारण पाच ते दहा टक्के, हेलकावा कितीही मोठा असला तरी व्होल्टेज फार ढळू देत नाही. फिरत्या शाफ्टची स्वतःची पिळवटणारी कंपनेही असतात आणि वेगाच्या संकेतातून ती पीएसएसमध्ये शिरू शकतात. १९६९ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओच्या लॅम्बटन केंद्रात अशा कंपनांना पीएसएसने चिथावणी दिल्याचे आढळले होते. त्यामुळे त्या वारंवारता गाळून टाकणे आणि केवळ वेगाऐवजी वीज आणि वेग यांच्या मेळातून संकेत काढणे या उपायांना पुढे महत्त्व आले.

बसवलेला पीएसएस काम करतो की नाही, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. पूर्ण भारावर चालणाऱ्या जनित्राच्या एव्हीआरला एक-दोन टक्क्यांचा व्होल्टेज बदल द्यायचा आणि मेगावॉटचा आलेख पाहायचा, एकदा पीएसएस बंद ठेवून आणि एकदा चालू करून. बंद असताना आलेखात अनेक लाटा मोजता येतात, चालू असताना एखाद-दुसऱ्या लाटेनंतर रेषा सपाट होते. दोन्ही आलेखांत काहीच फरक दिसत नसेल, तर फेज किंवा आकार चुकला आहे. मात्र ही चाचणी स्थानिक दोलनाबद्दल सांगते. आंतरप्रादेशिक दोलनाची पारख तिच्यातून होत नाही, कारण त्यात एका जनित्राचा वाटा अगदी थोडा असतो आणि त्यासाठी अनेक केंद्रांच्या पीएसएसची एकत्र गरज पडते.

वर उल्लेखिलेल्या अभ्यासात नेमके हेच करून पाहिले होते. कॅलिफोर्नियातील सॅन ओनोफ्रे केंद्रात पीएसएस जोडला आणि ॲरिझोनातील पॅलो वर्डे केंद्रातील पीएसएसचे आकडे नव्याने जुळवले, तर तेच उणे ३.४ टक्के अवमंदन अधिक ४.३ टक्क्यांवर गेले, म्हणजेच प्रत्येक फेरीत सव्वापट होणारा हेलकावा प्रत्येक फेरीत तीन-चतुर्थांश होऊ लागला. या दोन्ही केंद्रांची जनित्रे त्या दोलनात जोराने भाग घेणारी होती आणि निवडीचे कारणही तेच होते. दोलनात ज्याचा वाटा नगण्य आहे, अशा जनित्रावरचा पीएसएस कितीही चांगला असला तरी त्या दोलनावर त्याचा जोर चालत नाही. आणखी एक चिंतेची गोष्ट म्हणजे, घटनेच्या वेळी नियोजनासाठी वापरले जाणारे संगणकीय प्रारूप हीच घटना मांडली असता हेलकावे व्यवस्थित विरताना दाखवत होते. प्रारूपातील यंत्रणांचे वर्तन वास्तवापेक्षा अधिक चांगले गृहीत धरलेले होते.

पीएसएसची आणखी एक मर्यादा ११ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या पूर्व जाळ्यात दिसली. फ्लोरिडातील एका केंद्राच्या वाफेच्या टर्बाइनला सदोष जोडणीमुळे चुकीचा संकेत मिळत होता, त्यामुळे तिचे झडप सुमारे दर चार सेकंदांनी उघड-बंद होत राहिले आणि जवळजवळ २०० मेगावॉटचा हेलकावा १८ मिनिटे चालू राहिला. ही लय त्या जाळ्याच्या नैसर्गिक दोलनाशी जुळत असल्याने फ्लोरिडापासून दूर असलेल्या न्यू इंग्लंडमध्येही ५० मेगावॉटचा हेलकावा दिसला. अशा वेळी हेलकाव्याला ऊर्जा बाहेरून सतत मिळत असते, त्यामुळे चांगले अवमंदन त्याचा आकार कमी करू शकते, पण त्याचे मूळ बंद करू शकत नाही. यातील फरक आलेखावर ओळखता येतो. पुरेसे अवमंदन नसलेले नैसर्गिक दोलन वाढत किंवा हळूहळू घटत जाते, तर बाहेरून चालवलेले दोलन आकार जवळपास तोच ठेवून तासंतासही चालू राहू शकते. तेव्हा पीएसएसचे आकडे बदलत बसण्याऐवजी जाळ्यातील एकाच वेळेशी जुळलेल्या मापनांतून हेलकाव्याची ऊर्जा कोठून येते आहे हे शोधावे लागते आणि त्या केंद्रातील यंत्र जाळ्यापासून वेगळे करावे लागते. फ्लोरिडात केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी ते यंत्र बंद केल्यावर हेलकावा थांबला.